निकाल हेगचा, बजावणी कोणाची?

हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. मुख्य मुद्द्यांवर १५ न्यायाधीश एका बाजूला होते आणि पाकिस्तानने नेमलेले तदर्थ न्यायाधीश एकटे दुसऱ्या बाजूला. महाराष्ट्रात त्या दिवशी आनंद होणे स्वाभाविक होते, कारण जाधव इथले आणि त्यांचे कुटुंब मुंबईत राहणारे. पण निकालपत्र शांतपणे वाचले की त्यात काय आहे आणि काय नाही हे दोन्ही दिसते. पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला, जाधवांना भारतीय दूतावासाशी संपर्क मिळायला हवा, त्यांच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हायला हवा आणि तो होईपर्यंत फाशी देता येणार नाही, हे निकालात आहे. लष्करी न्यायालयाचा निर्णय रद्द करा आणि जाधवांना सोडा, ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली. शिवाय या निकालाची बजावणी करून घेणारा अधिकारी हेगच्या इमारतीत कोणीच नाही.

आपल्याकडे दिवाणी दावा जिंकणाऱ्याला पुढची पायरी ठाऊक असते. हुकूमनामा हातात आला की दरखास्त दाखल करायची, मग कोर्टाचा बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन निघतो. ही वाट सोपी नाही. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते आणि आजही दरखास्ती वर्षानुवर्षे रेंगाळतात. पण हा विलंबाचा रोग आहे. बेलिफ हरणाऱ्या पक्षाचा नोकर नसतो. सरकार स्वतः हरले तरी संविधानाचा अनुच्छेद १४४ सर्व मुलकी व न्यायिक प्राधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करण्यास बांधतो आणि आदेश न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला अवमानाबद्दल व्यक्तिशः उभे करता येते.

हेगच्या निकालाला असा आधार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा अनुच्छेद ९४ दोनच गोष्टी सांगतो. प्रत्येक सदस्य देश आपल्या खटल्यातला निकाल पाळण्याचे अभिवचन देतो, आणि त्याने तो पाळला नाही तर दुसरा पक्ष सुरक्षा परिषदेकडे जाऊ शकतो. परिषदेला आवश्यक वाटले तर ती शिफारस करील किंवा उपाय ठरवील. म्हणजे निकाल हरलेल्या देशाच्या हातात दिला जातो आणि तो देशच बेलिफ होतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कायद्याचा दुबळेपणा शोधायला हेगपेक्षा त्या देशाच्या राजधानीत, राज्यपालाच्या कचेरीत आणि स्थानिक न्यायालयात जावे लागते, असे मला वाटते. यासाठी एका कलमाचा मागोवा पुरेसा आहे, आणि जाधव खटला त्याच कलमावर उभा होता.

ते कलम म्हणजे १९६३ च्या वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना कराराचे ३६ वे. परदेशी माणसाला अटक झाली की त्याच्या देशाच्या दूतावासाला कळवले जाण्याचा त्याला हक्क आहे, हे त्याला विनाविलंब सांगायचे. त्याची इच्छा असेल तर दूतावासाला कळवायचे आणि दूतावासाच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटू द्यायचे, त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करू द्यायची. बस, एवढेच. एका छापील अर्जाने पोलीस ठाण्यात पुरे होणारे हे काम आहे. पण परक्या भाषेत, परक्या कायद्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला फाशी आणि जन्मठेप यांतला फरक कधी कधी एवढ्यानेच पडतो. पहिल्या आठवड्यात चांगला वकील मिळाला आणि मायदेशातून कागदपत्रे व साक्षीदार आणता आले, तर खटल्याचे रूप बदलू शकते.

या कराराला एक ऐच्छिक जोडकरार आहे. त्यावर सही करणारे देश मान्य करतात की कराराच्या अर्थावरून वाद झाला तर हेगचे न्यायालय तो सोडवील. त्याचा आधार घेऊन न्यायालयात पहिल्यांदा गेली ती अमेरिका. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधला अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला, अमेरिकेने खटला भरला आणि मे १९८० मध्ये ती जिंकली. इराणने निकाल मानला नाही. शेवटचे ५२ ओलीस जानेवारी १९८१ मध्ये सुटले, ते अल्जीरियाच्या मध्यस्थीने झालेल्या समझोत्यामुळे, आणि त्या समझोत्यात अमेरिकेने गोठवलेल्या इराणी मालमत्तेचा वाटा मोठा होता. निकाल मिळवून देणारी संस्था एक आणि तो पाळायला लावणारा दबाव दुसरीकडचा, हे तेव्हाच दिसले.

पुढे अमेरिकाच आरोपीच्या जागी आली. अमेरिकेत खुनाचे बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात आणि स्थानिक पोलिसांना कलम ३६ ची फारशी माहिती नसे. १९९८ मध्ये व्हर्जिनियात एंजल ब्रेअर्ड या पॅराग्वेच्या नागरिकाची फाशी ठरली होती. पॅराग्वे हेगला गेला. ९ एप्रिलला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की खटला संपेपर्यंत फाशी होऊ नये यासाठी अमेरिकेने हाती असलेले सर्व उपाय करावेत. परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी व्हर्जिनियाच्या गव्हर्नरना फाशी थांबवण्याची विनंती केली. गव्हर्नरांनी ती मानली नाही, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही आणि १४ एप्रिलला शिक्षा अमलात आली. पुढच्या वर्षी ॲरिझोनात लाग्रांड या दोन जर्मन भावांबाबत हेच घडले. थोरल्या वॉल्टरसाठी जर्मनी २ मार्च १९९९ रोजी हेगला गेली, दुसऱ्या दिवशी आदेश आला आणि त्याच दिवशी ॲरिझोनाने त्याला गॅस चेंबरमध्ये मारले.

जर्मनीने खटला मागे घेतला नाही, हे फार महत्त्वाचे ठरले. २००१ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच ठामपणे सांगितले की त्याचे अंतरिम आदेश बंधनकारक आहेत. तोवर अनेक देश त्यांना सल्ला समजत होते. माणूस गेल्यानंतर मिळालेल्या या वाक्याचा लाभ सोळा वर्षांनी जाधवांना झाला. मे २०१७ मध्ये त्यांची फाशी थांबवणारा आदेश त्याच वजनाने पाकिस्तानपुढे गेला.

यानंतरचा मेक्सिकोचा खटला सर्वांत बोधक आहे. ३१ मार्च २००४ च्या अव्हेना निकालात न्यायालयाने म्हटले की ५१ मेक्सिकन कैद्यांना अमेरिकेने त्यांचे हक्क वेळेवर सांगितले नाहीत. म्हणून त्यांच्या दोषसिद्धीचा आणि शिक्षेचा फेरविचार अमेरिकेने ‘आपल्या पसंतीच्या मार्गाने’ करावा. हे शब्द लक्षात ठेवायला हवेत. हेगचे न्यायालय काय साधायचे ते सांगते, कोणत्या दाराने जायचे ते देशावर सोडते.

ओक्लाहोमाने दार शोधले. ओस्वाल्दो टोरेस याची फाशी मे २००४ मध्ये ठरली होती. राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने ती थांबवली आणि त्याच दिवशी गव्हर्नर ब्रॅड हेन्री यांनी ती जन्मठेपेत बदलली. तोच देश, तोच निकाल, तेच कलम. फरक होता तो राज्याच्या न्यायाधीशांच्या आणि गव्हर्नरच्या इच्छेचा.

टेक्सासने ते दार बंद ठेवले. होझे मेडेयीन हा ह्यूस्टनमधल्या दोन मुलींवरील अत्याचार आणि खुनाबद्दल दोषी ठरला होता. गुन्हा भयानक होता आणि त्याच्या बाजूने लोकभावना असण्याची शक्यता नव्हती. पण आपण मेक्सिकोचे असल्याचे त्याने पोलिसांना सांगितले होते आणि तरीही त्याला दूतावासाचा हक्क सांगितला गेला नव्हता. फेब्रुवारी २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी, जे स्वतः टेक्सासचे गव्हर्नर राहिलेले होते, राज्यांच्या न्यायालयांनी अव्हेना निकाल अमलात आणावा असे पत्रक काढले. आठवडाभरातच, ७ मार्चला, अमेरिका त्या जोडकरारातून बाहेर पडली. आधीच्या निकालाचे बंधन स्वीकारायचे आणि असे निकाल पुन्हा आपल्यावर येऊ द्यायचे नाहीत, अशी ही दुहेरी भूमिका होती.

मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मताने मेडेयीनविरुद्ध निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा युक्तिवाद नीट समजून घेण्यासारखा आहे. अव्हेना निकाल अमेरिकेवर आंतरराष्ट्रीय बंधन निर्माण करतो, हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचे म्हणणे असे की त्या बंधनाचे देशांतर्गत कायद्यात आपोआप रूपांतर होत नाही. अनुच्छेद ९४ मध्ये देश निकाल पाळण्याचे अभिवचन देतो, म्हणजे पुढे राजकीय शाखांनी काही करायचे आहे. न्यायालयांना थेट हुकूम दिलेला नाही. शिवाय निकाल न पाळल्यास उपाय म्हणून सनद सुरक्षा परिषदेकडे बोट दाखवते आणि तिथे अमेरिकेला नकाराधिकार आहे. निकाल देशातल्या न्यायालयांत आपोआप लागू होणार असता, तर हा नकाराधिकार निरर्थक ठरला असता. संसदेने कायदा केला तर गोष्ट वेगळी, पण केवळ राष्ट्राध्यक्षांच्या पत्रकाने राज्याचा कायदा बाजूला सारता येणार नाही.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निष्कर्ष मान्य केला, पण वेगळे लिहिले की देशाचा शब्द पाळण्याची किंमत टेक्साससाठी अल्प आहे आणि टेक्सासने ती द्यावी. टेक्सासने दिली नाही. १६ जुलै २००८ रोजी हेगहून पुन्हा अंतरिम आदेश आला. ५ ऑगस्टला मेडेयीनला देहदंड दिला गेला. जानेवारी २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो आदेशभंग ठरवला, आणि त्या खटल्यात त्याच्या हातात करण्यासारखे तेवढेच होते. निकाल अमलात आणणारे विधेयक २०११ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये मांडले गेले. ते मंजूर झाले नाही.

मला ही घटना सगळ्या प्रश्नाचा गाभा वाटते. दोन न्यायालये परस्परविरोधी बोलत होती आणि आपापल्या चौकटीत दोन्ही सुसंगत होती. करारांच्या कायद्यावरील १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम २७ सांगते की अंतर्गत कायद्याचे कारण देऊन कोणताही देश करार मोडू शकत नाही. अमेरिकेने तो करार मंजूर केलेला नसला तरी हे तत्त्व रूढ कायदा म्हणून सर्वत्र मानले जाते. देशाच्या आत मात्र न्यायाधीश स्वतःच्या संविधानाची शपथ घेतलेला असतो. कैद्याचे आयुष्य या दोहोंच्या मधल्या फटीत सापडते.

भारतीय वाचकांनी याकडे परक्याचा दोष म्हणून पाहू नये. आपली व्यवस्थाही फार वेगळी नाही. अनुच्छेद २५३ नुसार करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेकडे आहे. १९८० मधल्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात, योगायोगाने, दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी ऋणकोला तुरुंगात टाकता येईल का हाच प्रश्न होता. निव्वळ कर्ज फेडता आले नाही म्हणून कैद नको, असे आंतरराष्ट्रीय करारनामा सांगत होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की करारनामा थेट आपला कायदा होत नाही, पण आपल्या कायद्याचा अर्थ त्याच्याशी सुसंगत लावता येतो, आणि तसा लावला. रॉबर्ट्स यांच्यासारखीच सुरुवात, पण शेवट कैद्याच्या बाजूने. न्यायाधीशाच्या हातात एवढे मात्र असते.

अनुच्छेद ९४ चा दुसरा रस्ता, सुरक्षा परिषदेचा, एकदा चांगलाच तपासला गेला. निकाराग्वाविरुद्ध लष्करी व निमलष्करी कारवायांबद्दल २७ जून १९८६ रोजी न्यायालयाने अमेरिकेला दोषी धरले. अमेरिकेने खटल्याच्या मुख्य सुनावणीत भागच घेतला नव्हता. निकाराग्वा परिषदेत गेला, निकाल पाळण्याचे आवाहन करणारा ठराव ऑक्टोबरमध्ये मतदानाला आला आणि अमेरिकेने नकाराधिकार वापरून तो पाडला. सनदेचा अनुच्छेद २७ वादातल्या पक्षाला मतदानापासून दूर राहायला सांगतो, पण ते शांततामय तडजोडीसंबंधीच्या ठरावांपुरते. अनुच्छेद ९४ वरच्या मतदानात अमेरिकेला कोणी अडवले नाही. आमसभेने मोठ्या बहुमताने निकाल पाळण्याचे आवाहन केले, पण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. पाच कायम सदस्य आणि ज्यांच्या पाठीशी त्यांच्यापैकी कोणी उभा आहे असे देश, यांच्याविरुद्ध हा रस्ता बंद आहे.

आणखी एक कच्चा दुवा खटल्याच्या आधीच असतो. आपल्याकडे प्रतिवादीला समन्स मिळाले की तो येवो न येवो, खटला चालतो. हेगमध्ये देशाची संमती लागते, आणि भारताने ही संमती स्वतः जपून दिली आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये पाकिस्तानी नौदलाचे ‘अटलांटिक’ विमान भारतीय हवाई दलाने पाडले, तेव्हा पाकिस्तान हेगला गेला. राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आम्ही न्यायालयाच्या कक्षेतून वगळले आहेत, असे भारताने सांगितले आणि जून २००० मध्ये न्यायालयाने ते मान्य करून खटला ऐकण्यास नकार दिला. मे २०१७ मध्ये तोच भारत जाधवांसाठी फिर्यादी झाला, तेव्हा हातात एकच दार होते: अमेरिका ज्यातून बाहेर पडली तो जोडकरार. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्यात राहिले होते. त्यामुळे भारताला केवळ कलम ३६ च्या भंगाबद्दलच बोलता येत होते. जाधव हेर होते की नाही, त्यांना इराणमधून पळवून नेले की बलुचिस्तानात पकडले, हे प्रश्न न्यायालयापुढे मुळात नव्हतेच. मागणी मोठी असूनही निकाल मर्यादित का राहिला, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

त्या मर्यादेत निकाल स्पष्ट होता. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार अटक ३ मार्च २०१६ ची आणि भारताला कळवले २५ मार्चला. हा विलंब भंग ठरला. आधी तपासात मदत करा, मग भेटीचा विचार करू, ही अटही न्यायालयाने नाकारली. हेरगिरीच्या आरोपीला हा हक्क नाही आणि २००८ चा भारत-पाकिस्तान करार सुरक्षेच्या प्रकरणांत सूट देतो, हे दोन्ही युक्तिवाद फेटाळले गेले. फेरविचार परिणामकारक व्हावा म्हणून गरज पडल्यास पाकिस्तानने कायदा करावा, असेही न्यायालयाने सांगितले. टेक्सास प्रकरणाचा धडा न्यायालयाने घेतला होता, असे मला या वाक्यातून वाटते.

पुढे काय झाले? फाशी झाली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्याची भेट झाली. मे २०२० मध्ये पाकिस्तानने फेरविचारासाठी वटहुकूम काढला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा कायदा केला. कागदावर हे अमेरिकेपेक्षा बरेच अधिक आहे. पण जुलै २०२० च्या दुसऱ्या भेटीत पाकिस्तानी अधिकारी जवळच होते, मोकळेपणाने बोलता आले नाही, असे सांगून भारतीय अधिकारी परतले. जाधवांनी स्वतःच फेरविचार अर्ज नाकारला, असे पाकिस्तानने जाहीर केले. भारताने ते दडपणाखाली घडल्याचे म्हटले. भारताला बाहेरचा वकील हवा होता, पाकिस्तानने आपल्या देशातल्या परवान्याचाच वकील चालेल असे सांगितले.

अंमलबजावणी खरी की देखाव्याची, हे ओळखायला दोन प्रश्न पुरेसे आहेत: कैद्याशी दूतावासाचा अधिकारी पहाऱ्याविना बोलू शकला का, आणि फेरविचार करणाऱ्याला शिक्षा बदलण्याचा खरा अधिकार आहे का. पहिल्याचे उत्तर भारताच्या मते नाही. दुसऱ्याचे उत्तर कायद्याच्या मजकुरात हो असले तरी ते प्रत्यक्षात तपासले गेलेले नाही. भारताला सुरक्षा परिषदेत जाता येईल, पण तिथे चीन बसलेला आहे आणि त्याचा नकाराधिकार पाकिस्तानच्या कामी येणे अवघड नाही.

मग कोणताही देश कलम ३६ पाळतो तरी कशाला? मुख्य कारण म्हणजे त्याचेही नागरिक दुसऱ्यांच्या तुरुंगात असतात. भारत आणि पाकिस्तान यांच्यात हे रोखठोक दिसते. २००८ च्या ज्या करारावर पाकिस्तानने हेगमध्ये बोट ठेवले, त्याच करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. संबंध कितीही बिघडले तरी हा क्रम टिकून राहिला आहे. त्या याद्यांत गुजरातच्या बोटींवर गेलेले पालघरचे खलाशीही असतात. सागरी हद्द ओलांडल्याबद्दलची शिक्षा भोगून झाली तरी राष्ट्रीयत्वाची पडताळणी होईपर्यंत ते कोठडीतच राहतात, आणि पडताळणी दूतावासाच्या भेटीनंतरच पुढे सरकते. करारात ही भेट अटकेपासून तीन महिन्यांत व्हायची आहे. ती उशिरा झाली तर या खलाशांसाठी कोणी हेगला जात नाही. त्यांची सुटका बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांनी होते, कधी सद्भावना म्हणून, कधी दुसऱ्या बाजूनेही सोडले म्हणून. त्यांच्यासाठी आज करण्याजोगे काम दिल्लीत आणि मुंबईत आहे: अटकेची बातमी येताच गावातून ओळखीची कागदपत्रे गोळा करणे, पडताळणी आठवड्यांत उरकणे आणि तीन महिन्यांची मुदत चुकली की प्रत्येक वेळी लेखी निषेध नोंदवणे. जाधव खटल्यात भारताने संपर्काची मागणी दहापेक्षा जास्त वेळा लेखी केली होती, आणि कलम ३६ चा भंग सिद्ध करताना ती पत्रे न्यायालयापुढे होती.